समोरून काढलेला फोटो

अनंत चतुर्दशी उलटली की आरासीचे फोटो येऊ लागतात. जवळपास सगळे समोरून, रात्री, सगळे दिवे लावून आणि गर्दी हटवून काढलेले. मौलिकता, सुरक्षितता आणि साहित्याचा पर्यावरणपूरकपणा या तीन निकषांवर ते शेजारी ठेवायचे आणि गुण द्यायचे, ही पद्धत आता स्पर्धांमध्ये रुळली आहे. पण असा फोटो मौलिकतेबद्दल बरेच सांगतो, साहित्याबद्दल थोडे, आणि सुरक्षिततेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

नमुन्यादाखल दोन फोटो घेऊ. एकात दाक्षिणात्य मंदिराची पांढरी-सोनेरी प्रतिकृती आहे. दुसऱ्यात कोकणातले घर आहे : भाताच्या पेंढ्याने शाकारलेले छप्पर, कुडाच्या भिंती, सारवलेले अंगण आणि ओटीवर गणपती. कोणताही परीक्षक पहिल्या नजरेत घराकडे झुकेल, आणि मौलिकतेपुरते ते बरोबरही आहे. प्रतिकृतीत कारागिरी असते, पण रचना दुसऱ्याने केलेली असते. कोलकात्याच्या बोसपुकुर शीतला मंदिराच्या मंडपाची आठवण 2001 पासून आजवर निघते, ती चहाच्या मातीच्या भांड्यांतून पूर्ण वास्तू उभी राहिली म्हणून. साहित्यातूनच रचना सुचावी, ही मौलिकतेची आम्हाला पटणारी खूण.

आता मंदिराचा फोटो मोठा करून पाहू. सोबतच्या चिठ्ठीत ‘थर्माकोलमुक्त’ असे लिहिले आहे, आणि ते खरेही आहे. राज्याच्या 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने सजावटीचे थर्माकोल बंद झाले, 1 जुलै 2022 पासून देशभर. पण खांबावरच्या नक्षीकडे नीट पाहा. प्रत्येक पाकळी हुबेहूब सारखी, आणि आतले कोपरे टोकदार नसून किंचित गोलसर. ही राउटरच्या गोल पात्याची खूण आहे. कडेची जाडी सगळीकडे एकसारखी, आणि जिथे रंग पोहोचला नाही तिथे आतून पांढरे. म्हणजे हा सनबोर्ड, फुगवलेले पीव्हीसी. थर्माकोल गेले आणि त्याच्या जागी दुसरे प्लास्टिक आले, तेही वजनाने कितीतरी जास्त. कायद्याच्या यादीत ते नाही, म्हणून चिठ्ठी खोटी ठरत नाही. पण तेवढ्यावर साहित्याचे गुण मिळू नयेत.

रंगाखाली थर्माकोल दडवले असेल, तर समोरच्या झगझगीत उजेडात ते कळत नाही. बाजूने तिरपा उजेड टाकला की इमल्शनच्या थराखालचे मणी उठून दिसतात, आणि तुटलेल्या कोपऱ्यावर तर हमखास. कागदाच्या लगद्याचा पृष्ठभाग हाताने थापलेला, कमी-जास्त जाडीचा दिसतो. एक मात्र कोणताच फोटो दाखवत नाही : हे सामान पुढच्या वर्षी कुठे असेल? भाड्याच्या लोखंडी सांगाड्यावर दहा हंगाम फिरणारे सुती पडदे आम्ही एकाच उत्सवासाठी विकत घेतलेल्या नव्या गोणपाटापेक्षा वर ठेवू, मग गोणपाट फोटोत कितीही ‘नैसर्गिक’ दिसो.

खरा पेच पेंढ्याच्या घरात आहे. साहित्याला जवळजवळ पूर्ण गुण द्यावेत असे ते घर, पण वाळलेला पेंढा, बांबूचा कूड, सुतळी आणि काथ्या यांच्याइतके चटकन पेटणारे मंडपात दुसरे क्वचितच काही असते. याउलट सनबोर्ड ज्योत हटवली की बहुधा विझतो. त्याचा धोका आम्लधर्मी, गुदमरवणाऱ्या धुराचा. फोटोत छपराच्या कडेला जो उबदार पिवळा उजेड पडला आहे, तो दोन जुन्या पार कॅनचा. त्यात हजार वॉटपर्यंतचे दिवे बसतात, आणि इथे ते पेंढ्यापासून हातभरही लांब नाहीत. फोटो सुंदर करणारी गोष्टच इथे सर्वांत घातक आहे.

उत्तर प्रदेशात भदोही जिल्ह्यातील औराई येथे 2 ऑक्टोबर 2022 च्या रात्री दुर्गापूजेचा मंडप पेटला आणि अनेकांचा जीव गेला. देखावा गुहेचा होता, म्हणजे चहूबाजूंनी बंद. हॅलोजनच्या उष्णतेने आग लागल्याचे प्राथमिक तपासात सांगण्यात आले. अशा गुहेचा फोटो स्पर्धेला आला असता, तर गुहा हुबेहूब वाटते म्हणून त्याला गुण मिळाले असते. बाहेर पडायची वाट किती हे कोणी विचारले असते का, याची शंका वाटते.

म्हणून पेंढा वापरू नये असे नाही. तात्पुरत्या मंडपांच्या अग्निसुरक्षेसाठीच्या आयएस 8758 या भारतीय मानकात भिजवणीचे द्रावण दिले आहे. वजनाने अमोनियम सल्फेट 4 भाग, अमोनियम कार्बोनेट 2, बोरॅक्स 1, बोरिक ॲसिड 1, तुरटी 2 आणि पाणी 35 भाग. पेंढा, गोणपाट, कापड त्यात पूर्ण बुडवून वाळवायचे. वरून फवारा मारला तर आतल्या काड्या कोरड्याच राहतात. हे क्षार पाण्यात विरघळणारे आहेत. भाद्रपदातल्या दोन जोरदार सरी उघड्या छपरावर कोसळल्या की भिजवणी गटारात जाते. तेव्हा असे छप्पर पत्र्याच्या किंवा ताडपत्रीच्या आच्छादनाखालीच हवे. खिळे आणि तारा गंजतात, रंग थोडा मळकट होतो, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

भिजवणी उतरली का, हे पाहणे सोपे आहे. वाळलेल्या मालातून वीतभर तुकडा मोकळ्या जागेत चिमट्याने उभा धरा, शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि खालच्या कडेला साधारण बारा सेकंद काडीची ज्योत लावा. ज्योत काढल्यावर दोन सेकंदांत जाळ विझला आणि पेटते थेंब खाली पडले नाहीत, तर माल ठीक. ही चाचणी पाऊस पडून गेल्यावर पुन्हा करावी. आमच्या धंद्यात ती पहिल्यांदासुद्धा फारसे कोणी करत नाही.

गुणांच्या बेरजेतही एक खोट आहे. मौलिकतेला 40, सुरक्षिततेला 30 आणि साहित्याला 30 गुण धरू. पेंढ्याच्या घराला 35, 9 आणि 28 मिळाले, म्हणजे 72. तिसरी एक कापडी आरास आहे, नीटनेटकी, दोन रुंद दारांची. तिला 27, 25 आणि 19, म्हणजे 71. पहिला क्रमांक अशा मंडपाला गेला, ज्याला सुरक्षिततेत 30 पैकी 9 आहेत, आणि पुढच्या वर्षी दहा मंडळे त्याचीच नक्कल करतील. सुरक्षितता इतर गुणांत मिसळायची बाबच नव्हे. आधी ती पार व्हावी, मगच बाकीचे दोन निकष मोजावेत. तिथे जो अडला, त्याची मौलिकता कितीही असली तरी तो क्रमांकात नाही.

यंदापासून आमच्या स्पर्धेत समोरचा फोटो एकच घेतला जाईल. त्यासोबत सांगाडा उभा असतानाचा, पडद्यामागच्या वायरिंगचा, माणूस उभा करून काढलेला बाहेर पडण्याच्या वाटेचा आणि दिवा व साहित्य यांतले अंतर दाखवणारा, असे चार फोटो दिवसा काढून पाठवावेत. वायरिंगच्या फोटोत उघडे, नुसती टेप गुंडाळलेले जोड दिसले तर प्रवेशिका तिथेच थांबेल. अग्निशामक नळकांडे फोटोपुरते आणून ठेवता येते, म्हणून त्याच्या भरणीच्या तारखेचा जवळून काढलेला फोटो लागेल. शेवटचा फोटो विसर्जनानंतरचा : उतरवलेल्या मालाचे ढीग, आणि प्रत्येक ढीग गोदामात, भंगारात की कचऱ्यात गेला याची एका ओळीची नोंद. तो आल्याशिवाय साहित्याचे गुण दिले जाणार नाहीत.