द्राक्षांनी शिकविलेला अवशेषांचा हिशेब

२०१० मध्ये भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. कारण कीटकनाशक नव्हते, तर वेलीची अवाजवी वाढ रोखण्यासाठी बागायतदार फवारतात ते क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे 'सीसीसी'. युरोपीय महासंघाची मर्यादा किलोमागे अवघी ०.०५ मिलिग्रॅम होती. निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत मात्र हे रसायनच नव्हते!

ही कमाल अवशेष मर्यादा म्हणजे विषबाधेची सीमारेषा नव्हे. शिफारशीनुसार फवारणी केल्यावर काढणीच्या वेळी किती अंश उरतो, हे शेतातील चाचण्यांतून पाहतात. तो आहारात सुरक्षित ठरला, तरच मर्यादा मान्य होते. ज्या पिकावर वापराला मान्यताच नाही, तेथे ती प्रयोगशाळेला मोजता येईल अशा किमान पातळीवर ठेवली जाते. त्यामुळे मर्यादाभंग झालेले प्रत्येक फळ अपायकारक असतेच असे नाही, पण ते नाकारले जाते.

शेवटची फवारणी आणि काढणी यांतील प्रतीक्षाकाळ त्याच चाचण्यांतून निघतो. अवशेष दिवसागणिक घटत जातात, हे त्यामागचे गृहीत. सीसीसी मात्र आंतरप्रवाही. ते वेलीच्या लाकडात साठून पुढे घडात उतरू शकते. एप्रिल छाटणीनंतरची फवारणी मार्चच्या काढणीत अशी उघडी पडते. अशा वेळी दिवस मोजून भागत नाही. मणीच तपासावे लागतात.