पैसे घ्यायला सही लागत नाही

मनिऑर्डर कशी दिली जात असे, हे टपाल खात्यातील आमच्या साथींना सांगायला नको. पोस्टमन रक्कम मोजून हातात ठेवी आणि घेणाऱ्याची फॉर्मवर सही किंवा अंगठा घेई. रेल्वेत पगार रोखीने वाटला जात असे तेव्हाही हीच रीत होती. पगारपत्रकावर सही केल्याशिवाय पे-क्लार्क पैसे देत नसे. पैसे घ्यायचे तर सही करावी लागते, हे आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. आज मोबाईलवरून जी लूट चालली आहे, ती याच सवयीच्या जोरावर चालली आहे, असे आमचे मत आहे.

फेब्रुवारी २०२१ मधील दिल्लीची घटना पाहा. तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या कन्येने जुना सोफा विकण्यासाठी एका संकेतस्थळावर जाहिरात दिली. एका इसमाने खरेदीची तयारी दाखवली. खाते बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी म्हणून त्याने प्रथम एक छोटी रक्कम पाठवली आणि ती खरोखर जमा झाली. मग त्याने एक क्यूआर कोड पाठवला व ठरलेली रक्कम मिळण्यासाठी तो स्कॅन करण्यास सांगितले. तसे केल्यावर पैसे येण्याऐवजी खात्यातून २०,००० रुपये गेले. चूक झाली, असे सांगून त्याने पुन्हा तीच प्रक्रिया करायला लावली. या वेळी १४,००० रुपये गेले. एकूण ३४,००० रुपयांची फसवणूक झाली. सिव्हिल लाइन्स पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि त्याच महिन्यात पोलिसांनी तिघांना अटक केली.

मुख्यमंत्र्यांच्या घरातील उच्चशिक्षित व्यक्ती जिथे फसली, तिथे गँगमन, सॉर्टर किंवा पोस्टमन फसला तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न अकलेचा नाही. या व्यवहाराची दिशा माणसाला नेमकी कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही, हा खरा प्रश्न आहे. म्हणून तो काळा-पांढरा चौकोन म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ.

यूपीआयचा क्यूआर कोड म्हणजे चित्राच्या रूपात लिहिलेली एक ओळ असते. मोबाईल ती वाचतो. वर सांगितल्यासारख्या प्रकरणात ती साधारण अशी असते:

```
upi://pay?pa=abcd@xyz&am=20000.00&cu=INR&tn=Receive
```

यातील `pay` या शब्दाचा अर्थ 'पैसे दे' असा. `pa` म्हणजे ज्याला पैसे जायचे त्याचा पत्ता, `am` म्हणजे रक्कम, `cu` म्हणजे चलन आणि `tn` म्हणजे सोबतची टीप. हा सरळसरळ पाठवणाऱ्याने भरायचा मनिऑर्डरचा फॉर्म आहे. फरक इतकाच की तो दुसऱ्याने आधीच भरून ठेवलेला आहे, त्यावर घेणारा म्हणून त्याचेच नाव आहे आणि तुमच्याकडून फक्त सही हवी आहे. टीप मात्र कोड बनवणारा मनाला येईल ती लिहू शकतो. म्हणूनच पडद्यावर कुठेतरी 'Receive' असा शब्द दिसला म्हणून पैसे येणार असे होत नाही. तो शब्द ठगानेच लिहिलेला असू शकतो.

रेल्वेच्या तिकीट खिडकीवरचे उदाहरण घ्या. तिथे क्यूआर कोड रेल्वे दाखवते आणि स्कॅन प्रवासी करतो, कारण पैसे प्रवाशाने द्यायचे असतात. बुकिंग क्लार्क प्रवाशाच्या मोबाईलवरचा कोड स्कॅन करून भाडे वसूल करीत नाही. घेणारा कोड दाखवतो व देणारा स्कॅन करतो, ही दिशा कधीच उलटत नाही. तुम्ही सोफा, सायकल किंवा कूलर विकत असाल, तर कोड तुमचा हवा आणि स्कॅन गिऱ्हाइकाने करायला हवा. विकत घेणारा जर तुम्हाला कोड पाठवीत असेल, तर तिथेच फोन ठेवून द्यावा. पुढचे काहीही ऐकण्याची गरज नाही.

नुसत्या स्कॅनने मात्र पैसे जात नाहीत. त्यानंतर चार किंवा सहा आकडी यूपीआय पिन मागितला जातो आणि तो टाकला की पैसे जातात. ही आपली सही आहे. मनिऑर्डरची जुनी सवय इथेच दगा देते. "साहेब, पैसे मिळाल्याची खूण म्हणून पिन टाका," असे समोरचा म्हणतो आणि आपल्याला ते खरे वाटते. वस्तुस्थिती अशी की पैसे जमा होण्यासाठी घेणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. पिन नको, स्कॅन नको, होकारसुद्धा नको. मोबाईल बंद असला तरी पैसे खात्यात येतात. आपला पगार जमा होतो तेव्हा आपण कुठे पिन टाकतो?

पिनच्या पानावर क्षणभर थांबून वाचले तर बचावाची संधी असते. तिथे ज्याला पैसे जात आहेत त्याचे नाव आणि रक्कम असते व बहुधा 'Sending' किंवा 'Paying' असा शब्द असतो. २०२५ च्या मध्यापासून पैसे जाण्यापूर्वी घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नाव दाखवण्याचा नियमही आहे. फोनवर बोलणारा स्वतःला एका नावाने सांगत असेल आणि पडद्यावर भलतेच नाव दिसत असेल, तर ती धोक्याची खूण समजावी. परंतु ठग तुम्हाला वाचू देत नाही. तो फोन चालूच ठेवतो, घाई करतो, "टेम्पो दारात उभा आहे" म्हणतो. अनेकदा तो स्वतःला लष्करातला अधिकारी सांगतो, कारण वर्दीवर आपला विश्वास असतो. बदलीमुळे क्वार्टर सोडताना सामान विकणाऱ्या किंवा गावाकडचे घर भाड्याने देऊ पाहणाऱ्या आपल्या साथींच्या वाट्याला हा 'फौजी' हमखास येतो. "आमच्या खात्याची पद्धत उलटी आहे, आधी तुमच्याकडून एक रुपया येतो, मग दोन परत जातात," असे तो सांगतो आणि एक रुपयाचे दोन करूनही दाखवतो. सोफ्याच्या प्रकरणात आधी जमा झालेली छोटी रक्कम हाच तो गळाला लावलेला दाणा होता.

'पिन टाकू नका' एवढ्या एका वाक्यावरही विसंबून चालणार नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. यूपीआय लाइट सुरू केलेले असेल तर छोट्या रकमा पिनशिवाय जातात. ऑक्टोबर २०२५ पासून काही व्यवहारांत पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहराही चालू लागला आहे. म्हणून नियम असा लक्षात ठेवावा: पैसे घेण्यासाठी मोबाईलवर काहीही करावे लागत नाही. कोणी काही करायला सांगितले, की पैसे जाणार आहेत असेच समजावे.

तरीही पैसे गेलेच तर वेळ दवडू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा, आपल्या बँकेला कळवावे आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा पत्ता हाताशी ठेवावा. संभाषण पुसून टाकू नये. ठगाच्या पहिल्या खात्यातून पैसे लगेच दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात फिरवले जातात. ते जिथे अजून पडलेले असतील तिथेच रोखता येतात, म्हणून मिनिटांना महत्त्व आहे. आणि "चुकून गेले, परत पाठवतो, पुन्हा स्कॅन करा" हे कदापि ऐकू नये. वरच्या प्रकरणातील १४,००० रुपये याच वाक्याने गेले.

आता आमचे मुख्य म्हणणे. तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला बँकेत बहुधा एकच उत्तर मिळते: पिन तुम्हीच टाकलात. रेल्वे कामगारांना हा सूर चांगलाच परिचित आहे. अपघात झाला की पहिला बळी पॉइंट्समनचा जातो. पण म्हणून रेल्वेने सुरक्षा माणसाच्या सावधपणावर सोडली नाही. इंटरलॉकिंग बसवले. सांधा बरोबर लागल्याखेरीज सिग्नल पडतच नाही, माणूस थकलेला असला तरी. पैशाच्या व्यवहारालाही असेच इंटरलॉकिंग हवे.

ते अशक्य नाही, हे सिद्ध झालेले आहे. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे पैशाची मागणी पाठवायची आणि त्याने मंजूर करायची, अशी एक सोय यूपीआयमध्ये होती. तिचाही असाच गैरवापर होत असे. राष्ट्रीय भुगतान निगमने ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील ही मागणी बंद केली. म्हणजे ठरवले तर दार लावता येते. क्यूआर कोडचे दार मात्र उघडे आहे आणि रोजच्या व्यवहारासाठी ते उघडे राहणारच. मग निदान पिनच्या पानावर ग्राहकाच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, "तुमच्या खात्यातून इतके पैसे जात आहेत" असे लिहिण्यास कोणती अडचण आहे? अनोळखी खात्यात प्रथमच मोठी रक्कम जात असेल तर ती काही काळ अडवून ठेवण्यास काय हरकत आहे?

दुसरा प्रश्न खात्यांचा. दिल्लीलगतच्या हरियाणातील नूह जिल्ह्यात एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ५,००० पोलिसांनी १४ गावांत एकाच वेळी छापे घातले. पकडले गेले ते बहुतांशी तरुण होते. पण लुटीचे पैसे ज्या खात्यांतून फिरतात ती खाती कोणत्या ना कोणत्या बँकेनेच कागदपत्रे पाहून उघडलेली असतात. पिन टाकला म्हणून कामगार जबाबदार, तर खोट्या कागदांवर खाते उघडले म्हणून बँक जबाबदार का नाही? हा प्रश्न संघटनेने लावून धरला पाहिजे.

तोवर शाखांनी एक काम करावे. फसलेला साथी लाजेने घरातही बोलत नाही आणि त्या गप्प बसण्यात १९३० ची वेळ निघून जाते. पुढच्या शाखा सभेत हा विषय घ्यावा, मनिऑर्डरचा जुना फॉर्म आणि मोबाईलचा पडदा शेजारी शेजारी ठेवून दाखवावा, आणि ज्याचे पैसे गेले असतील त्याच्यासोबत बँकेत व पोलीस ठाण्यात शाखेचा एक पदाधिकारी जावा. चार्जशीट मिळालेल्या माणसाला आपण एकटे सोडत नाही. यालाही सोडू नये.