पैठणी नेसून नाही, घडीवर फाटते



गेल्या वर्षी आमच्या सूनबाईचं डोहाळजेवण होतं. तिच्या मनात एकच होतं, माझ्या आजेसासूबाईंची नऊवारी पैठणी नेसायची. मलाही कौतुक वाटलं. कपाटाच्या वरच्या खणातून चेनचं प्लॅस्टिक कव्हर काढलं, पैठणी पलंगावर ठेवली आणि पदर उलगडला. कुणी ओढलं नाही की ताणलं नाही, तरी पदर घडीच्या रेघेवर चर्रकन चिरला. मोरांच्या ओळीच्या बरोबर मधून. सूनबाई घाबरून म्हणाली, "आई, माझ्या हातून झालं का?" तिच्या हातून काही झालं नव्हतं. जे झालं होतं ते माझ्या हातून, पंचवीस वर्षं त्याच खणात.

ही पैठणी आमच्या घरात मोजून दहा-बारा वेळा नेसली गेली असेल. "जपून ठेवलीय हो, कुणाला नेसूसुद्धा देत नाही," असं मीच अभिमानाने सांगत असे. मी कॉमर्स शिकले, त्यामुळे वस्तू वापरली की घसारा धरायचा एवढं पक्कं डोक्यात. न वापरता ठेवलेल्या वस्तूलाही घसारा लागतो, आणि कधीकधी जास्तच लागतो, हे मात्र या पदराने शिकवलं. त्यानंतर मी या विषयामागे लागले. वाचलं, जुनी वस्त्रं जपणाऱ्या लोकांना विचारलं, आणि माझं मत पक्कं झालं की आपल्या घरातल्या जुन्या साड्या वयाने कमी आणि आपल्या घडीने व प्लॅस्टिकने जास्त मरतात.

आधी घडीचं सांगते. खऱ्या जरीचा धागा म्हणजे आत रेशमाचा दोरा आणि त्याभोवती गुंडाळलेली चांदीची अगदी बारीक चपटी पट्टी, वर सोन्याचं पाणी. रेशीम वाकतं आणि परत सरळ होतं. धातूची पट्टी एकदा दुमडली की दुमडलेलीच राहते. पुन्हा त्याच जागी दुमडली की तडकते, आणि तिच्या धारेने आतलं रेशीम कापलं जातं. पत्र्याची तार दोन-चार वेळा एकाच जागी वाकवली की तुटते ना, तसंच. आपण घडी कशी करतो? निम्मी, मग पुन्हा निम्मी, मग पुन्हा निम्मी. साडी तीच, पद्धत तीच, म्हणून दरवेळी रेघ त्याच इंचावर येते. वर दहा साड्यांचं ओझं. आणि काहीजणी तर जुनी साडी काढल्यावर "घडी मोडलीय" म्हणून पुन्हा त्याच रेघेवर इस्त्री मारून आणतात. मीही हे केलंय.

आपली साडी कुठवर आलीय ते ओळखायला सोपं आहे. घडीची रेघ हलक्या हाताने उजेडासमोर धरा. रेघेवर टाचणीने टोचल्यासारखे प्रकाशाचे ठिपके दिसले, रेघ बाजूच्या कापडापेक्षा फिकट दिसली, किंवा उलगडताना खालच्या पांढऱ्या चादरीवर रेशमाची भुकटी पडली, तर तिथले धागे तुटायला लागले आहेत. तुटलेला धागा कशानेही परत जोडला जात नाही. पुढची रेघ वाचवता येते, एवढंच आपल्या हातात असतं.

आता प्लॅस्टिक. या चेनच्या पारदर्शक कव्हरांवर माझा मोठाच राग आहे, कारण हळदीकुंकवाला आणि लग्नात आपणच ती एकमेकींना वाटतो. नव्या कव्हरला रेनकोटसारखा वास येतो तो पीव्हीसीचा. ते जुनं होतं तसं चिकट होतं, आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. ती बंद कव्हरात कोंडून जर काळी पाडते आणि रेशीम कमकुवत करते. साधी पॉलिथीनची पिशवी त्यापेक्षा बरी, पण ओल तीही आत कोंडते. पावसाळ्यात दमट हवेत चेन लावली की ती दमट हवा दिवाळीपर्यंत साडीसोबत बसते. हल्ली दुकानातून कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या येतात, त्याही प्लॅस्टिकच्याच. त्यांतून हवा जाते हे खरं, पण माझ्याकडच्या दोन पिशव्यांचा काही वर्षांत भुगा झाला आणि तो साडीवरून वेचत बसावं लागलं.

मग ठेवायचं कशात? उत्तम म्हणजे अ‍ॅसिड-फ्री टिश्यू पेपर. साधा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यात आम्ल तयार होतं. वर्तमानपत्र पिवळं पडतं ते त्यामुळेच. ते आम्ल कागदातून कापडात उतरतं. म्हणून वर्तमानपत्र, खाकी कागद, मिठाईच्या खोक्यातला रंगीत कागद, यांतलं काही नको. अ‍ॅसिड-फ्री कागदातही दोन जाती आहेत. एकात खडूसारखा क्षार घातलेला असतो, तो सुती कापडाला चांगला. रेशीम आणि लोकर यांना तो शक्यतो नको, म्हणून मागताना "अनबफर्ड" असं स्पष्ट म्हणायचं. चित्रं फ्रेम करणाऱ्यांना आणि जुनी कागदपत्रं जपणाऱ्यांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानांत मिळतो. स्वस्त नाही. आणि हा कागदही कायमचा नाही. कपाटातलं आम्ल तो हळूहळू शोषतो, म्हणून काही वर्षांनी, किंवा पिवळसर दिसताच, बदलावा लागतो.

परवडत नसेल तर आपल्या आज्या वापरत ते जुनं, पुष्कळदा धुतलेलं पांढरं मलमल किंवा मऊ धोतर घ्या. रंग नको, खळ नको, नीळ नको, आणि शेवटचं धुणं साबणाचा अंश राहणार नाही असं, दोन-तीन पाण्यांतून. पूर्वीच्या बायकांचं हे बरोबर होतं. आपण प्लॅस्टिक आणून त्यांना मागासलेलं ठरवलं.

माझ्याकडे दोन वस्त्रं होती, त्यांचं काय केलं ते सांगते.

फाटलेल्या पैठणीची घडीच बंद केली. कापडाच्या दुकानातून तागा गुंडाळतात ती पुठ्ठ्याची जाड नळी मागून आणली, साडीच्या पन्ह्यापेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच लांब. पुठ्ठाही आम्लाचाच, म्हणून नळीवर आधी स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली आणि वर मलमल. मग नेसायच्या टोकाकडून सुरुवात करून, मधे टिश्यू घालत, सैल पण सुरकुती न पडू देता साडी गुंडाळली. पदर शेवटी, म्हणजे सगळ्यात बाहेर आला. त्याला वळण कमी बसतं आणि बघायचा झाला तर सगळी साडी उलगडावी लागत नाही. वर मलमलचं पांघरूण आणि मलमलच्याच पट्टीने सैल गाठ. हे एकटीचं काम नाही, एकीने कापड धरायचं आणि दुसरीने फिरवायचं. हातात बांगड्या-अंगठ्या नकोत आणि हाताला तेल-क्रीम नको.

सासूबाईंचा शालू मात्र अजून धड आहे आणि दुसरी नळी ठेवायला जागा नाही, म्हणून तो घडीतच ठेवलाय. त्याचा पन्हा ४८ इंच. जुन्या रेघा होत्या १२, २४ आणि ३६ इंचांवर. या वेळी मी तीन पदरी घडी केली, म्हणून रेघा १६ आणि ३२ वर गेल्या. पुढच्या वेळी २० आणि ४० वर घेणार. लांबीतही निम्मी-निम्मी सोडून दिली. पदराकडून पंख्यासारखी मागेपुढे घडी घालत गेले, या वेळी १८ इंचांची, पुढच्या वेळी २१ ची. प्रत्येक वळणात अंगठ्याहून जाड अशी सैल गुंडाळी ठेवली, म्हणजे कापड धारदार दुमडत नाही, नुसतं वळतं. पदराला कागदाच्या गुंडाळ्या आणि बाकी अंगाला मलमलच्या, कारण सगळीकडे कागद घातला असता तर खर्च फार झाला असता. गठ्ठा उंच होतो, म्हणून तो पत्र्याच्या पेटीत, आतून मलमल लावून, एकटाच. वर काहीही ठेवत नाही.

आता वर्षातून दोनदा घडी बदलते. दिवाळीनंतर एकदा आणि फाल्गुनात एकदा, कोरड्या दिवशी. पलंगावर पांढरी चादर, पंखा मंद, ऊन बिलकुल नाही, तास-दीड तास. पेटीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी लावलीय, तारीख आणि रेघांचे इंच लिहून. सवय खतावणीची, काय करणार! पण चिठ्ठी नसेल तर काही महिन्यांनी हात आपोआप जुन्याच रेघेवर जातो.

कसरीबद्दल बऱ्याचजणी विचारतात. मला डांबरगोळ्या पटत नाहीत, जीव मारायचा आणि शिवाय तो वास श्वासात घ्यायचा. कसर येते ती जास्त करून खळीला, घामाला आणि तेलाच्या डागाला. साडी नेसल्यावर हवा न देता आत टाकली नाही, पेटी वर्षातून दोनदा उघडून झटकली, तर तिचा धोका बराच कमी होतो. यात आपल्या धर्माचीही सोय आहे. नवं रेशीम घेणं मी कधीच सोडलं. पण जे घरात आहे त्यासाठी असंख्य जीव गेले ते गेले. ते प्लॅस्टिकमध्ये कुजवून पुढच्या पिढीला "आता नवी घ्या" म्हणायला लावणं हे मला दुहेरी पाप वाटतं.

काही ठिकाणी मात्र काहीच चालत नाही. जुन्या काळी काही रेशमांना वजन यावं म्हणून धातूचे क्षार पाजत. ती रेशमं ठेवल्या जागी चिरफाळतात, कितीही कागद घाला. आणि फाटलेल्या पदराला रफूवाल्याकडे पॉलिएस्टरच्या दोऱ्याने ताणून शिवून घेऊ नका, मागून चिकटपट्टी तर नकोच. कडक दोरा शेजारचं रेशीम कापतो. चिंच-लिंबाने जर उजळणंही नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे. फार मोलाचं वस्त्र असेल तर हात लावण्याआधी अशा ठिकाणच्या जाणकारांना विचारा.

आमच्या जाऊबाईंना हे सगळं थोतांड वाटतं. "साडी कशी कडक घडीत, कव्हरात दिसली पाहिजे, कपाट उघडल्यावर मन भरतं," असं त्यांचं म्हणणं. परवा त्यांच्याकडे गेले तेव्हा मी त्यांची जांभळी पैठणी कव्हरातून काढून खिडकीपाशी धरायला लावली. २४ इंचांवर ठिपके होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण निघताना त्यांनी विचारलं, "ती नळी कुठल्या दुकानातून आणलीस गं?"