शाबूत टेप, हलके खोके

सील शाबूत म्हणजे माल आत, हा समज फसवा आहे. टेप रिकाम्या खोक्यालाही तितकीच घट्ट बसते. भामरागडच्या एखाद्या किराणा दुकानदाराने गावकऱ्यांची पार्सले तराजूवर ठेवली आणि चिठ्ठीवर दीड किलो असताना काटा दोनशे ग्रॅमवर थांबला, तर शंका रास्तच. कोणी म्हणेल, कुरिअरवाले आकारमानाचे वजनही लावतात. खरे आहे: ३०×२५×१० सेंटिमीटरच्या गुणाकाराला ५००० ने भागले की दीड किलोच येते, आत कापूस असला तरी. पण मागवलेला असेल प्रेशर कुकर, तर तो दोनशे ग्रॅमचा नसतो! तरीही पोहोचवणाऱ्या पोराला लगेच चोर ठरवू नये. एकाच विक्रेत्याची, वेगवेगळ्या पोरांनी आणलेली खोकी तशीच हलकी निघाली, तर संशय गोदामाकडे वळतो. म्हणून पैसे मोजण्याआधी, पोहोचवणाऱ्या पोरादेखत, काटा आणि चिठ्ठी एकाच फोटोत घ्यावेत.