पैसे कापले, पण तिकीट उघडेना? पुन्हा पैसे भरण्याआधी हे वाचा

माळेगाव बुद्रुक, शिवनगर, पणदरे, सांगवी परिसरातील ग्रामस्थांनो,

ऑनलाइन लाइट बिल भरताना किंवा रेल्वेचं तिकीट काढताना पैसे कापले गेले, पण समोर काहीच उघडलं नाही, तर दुसऱ्यांदा पैसे भरू नका. पान रिफ्रेशही करू नका. अनेकदा तुमचं बिल किंवा तिकीट तयार झालेलं असतं. ते दाखवायला उघडणारी नवी खिडकी तेवढी ब्राउझरने अडवलेली असते.

आमच्या सेवा केंद्रात नुकतंच एक कुटुंब आलं होतं. घरातली चार माणसं दौंडहून गाडीने जाणार होती. संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी तिकीट काढलं, पैसे कापले गेले, चक्र फिरत राहिलं आणि पान जिथल्या तिथे. तिकीट झालं नाही असं समजून त्यांनी पुन्हा काढलं. सकाळी मोबाइल पाहतात तर दोन मेसेज, दोन पीएनआर, आठ जागा! एक तिकीट रद्द करताना माणशी कपात झाली, ती वेगळीच.

असं का होतं? जाहिरातींच्या खिडक्या आपोआप उघडू नयेत म्हणून ब्राउझरने एक नियम घातलेला असतो : माणसाने बटण दाबलं तरच नवी खिडकी उघडू द्यायची. पण त्या दाबण्याचा हिशेब क्रोममध्ये साधारण पाच सेकंदच टिकतो. तिकडे बिल तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागला, की उशिरा आलेली खिडकी ब्राउझरला जाहिरातीसारखी वाटते आणि तो तिला बाहेरच ठेवतो. म्हणूनच रेंज चांगली असताना जे बिल पटकन उघडतं, तेच रेंज कमी असताना किंवा संध्याकाळच्या गर्दीत उघडत नाही. दोष तुमच्या खात्याचा नसतो, पैशांचाही नसतो.

खिडकी अडवली आहे हे ओळखायचं कसं? पानावर चूक झाल्याचा कुठलाच संदेश नसतो, नुसतं काही घडत नाही. अशा वेळी कॉम्प्युटरवर क्रोममध्ये सगळ्यात वर, जिथे पत्ता लिहिलेला असतो त्या पट्टीच्या उजव्या टोकाला पाहा. तिथे अडवलेल्या खिडकीची लहानशी खूण दिसेल. तिच्यावर क्लिक केलं की `Pop-ups blocked` असं लिहून खाली अडवलेल्या खिडकीचा दुवा येतो. त्याच दुव्यावर क्लिक करा, बिल उघडेल. पान नव्याने आणायची गरज नाही.

मोबाइलवर क्रोम `Pop-up blocked` असा छोटा संदेश दाखवतो. त्यातलं `Always show` दाबायचं. हा संदेश थोड्याच वेळात निघून जातो, म्हणून बटण दाबल्यावर नजर स्क्रीनवर ठेवा. निघून गेलाच, तर घाबरू नका. तुमच्या खात्यातल्या जुन्या तिकिटांच्या किंवा भरलेल्या बिलांच्या यादीत जा, तयार झालेला कागद तिथे सापडतो. मोबाइलमधला डाउनलोड फोल्डरही एकदा उघडून बघा. पुष्कळदा फाइल उतरलेली असते, फक्त आपोआप उघडलेली नसते.

रेल्वेच्या तिकिटाची खूण सोपी आहे. दहा आकडी पीएनआरचा मेसेज आला म्हणजे तिकीट झालं. तिकीट वेटिंगला नसेल, तर तो मेसेज आणि सोबत मूळ ओळखपत्र एवढ्यावर प्रवास करता येतो, छापील कागद लागत नाही. मात्र पीएनआर आला नाही आणि खात्याच्या यादीतही तिकीट नाही, तर तो ब्राउझरचा प्रश्न नव्हे. तिकीट खरोखरच झालेलं नाही. कापलेल्या पैशांचा व्यवहार क्रमांक तेवढा जपून ठेवा.

लाइट बिल चुकून दोनदा भरलं गेलं, तर जादा रक्कम पुढच्या बिलात वळती होते. तिकिटाचं तसं नाही. तिथे दोन वेळा पैसे म्हणजे दोन तिकिटं.

आणखी एक कळकळीची विनंती. या त्रासाला कंटाळून सगळ्याच संकेतस्थळांना पॉप-अपची मोकळीक देऊ नका. मग खोट्या बक्षिसांच्या आणि 'आज रात्री वीज तोडू' अशा धमक्यांच्या खिडक्याही बिनदिक्कत आत येतील. परवानगी फक्त जिथे बिल भरता किंवा तिकीट काढता त्या एका संकेतस्थळाला द्या, तीही पत्ता नीट वाचून. आणि बिल उघडून देतो म्हणत कुणी ओटीपी मागितला किंवा मोबाइलचा स्क्रीन दाखवायला सांगितलं, तर फोन तिथेच ठेवा. अडवलेली खिडकी उघडायला यातलं काहीही लागत नाही.

हे आवाहन घरातल्या थोरामोठ्यांना वाचून दाखवा. त्यांच्या मोबाइलमध्ये जुन्या तिकिटांची आणि भरलेल्या बिलांची यादी कुठे असते, हेही आजच दाखवून ठेवा.

आपला,
माळेगावातील एक सेवा केंद्रचालक