‘मन घट्ट कर’ या वाक्याला उत्तर

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे भूमिगत मँगनीज खाणीचे गाव. अशा गावातील एका घराची कल्पना करू. पाचव्या महिन्यात सुनेचा गर्भ गेला आहे. नवरा पाळीनुसार खाणीत उतरतो. त्यामुळे दिवसा भेटायला येणाऱ्यांसमोर ती बहुधा एकटीच बसलेली असते. येणारी प्रत्येक बाई मायेनेच बोलते: ‘अजून वय आहे तुझे’, ‘जे होते ते चांगल्यासाठीच’, ‘रडू नको, मन घट्ट कर’. सून मान हलवते.

या बायांना कोणी दुष्ट म्हणणार नाही. समोरच्याचे दुःख पाहवत नाही, म्हणून माणूस ते लवकर झाकू पाहतो. मात्र झाकण्याचे काम दुःखी माणसाच्याच अंगावर येते. आपले दुःख सांभाळायचे आणि पाहुण्यांना बरे वाटेल असा चेहराही ठेवायचा! याला अलीकडे ‘विषारी सकारात्मकता’ म्हणतात. शब्द जरा कर्कश आहे, पण अनुभव आपल्या घरांना नवा नाही.

या सुनेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. इतक्या दिवसांचा गर्भ गेल्यावर काही स्त्रियांना दोन-चार दिवसांनी पान्हा फुटतो. छाती दाटून येते, ठणकते. बाळ नाही हे मनाने कसेबसे मान्य केलेले असते. शरीराला ते कळलेले नसते. त्या क्षणी ‘पुढच्या वर्षी होईल’ हे वाक्य कानावर आले, तर तिला ते आपल्याविषयीचे वाटतच नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी 1997 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही स्त्रियांना दुःखद चित्रफीत दाखवताना भावना चेहऱ्यावर दिसू न देण्यास सांगितले होते. चेहरे शांत राहिले, परंतु वाटणारे दुःख कमी झाले नाही. उलट हृदय व रक्ताभिसरणावरील ताण वाढलेला आढळला. प्रयोगशाळेतील ही काही मिनिटे होती. घरात तेरा दिवस, महिना, दोन महिने हेच करावे लागले तर थकवा येणारच.

मग उत्तर काय द्यावे? भांडणाने काही साधत नाही, आणि ‘मी ठीक आहे’ म्हटले की संवाद तेथेच मिटतो. समोरच्याचा हेतू मान्य करावा, आपल्याला काय होते आहे ते एका वाक्यात सांगावे, आणि त्याने काय केले तर बरे वाटेल तेही सांगावे. सून म्हणू शकते, ‘काकी, तुम्ही माझ्यासाठीच बोलता, हे कळते मला. पण आज मला फार रिकामे वाटते आहे. पुढचे काही बोलू नका, थोडा वेळ नुसत्या जवळ बसा.’ यातील शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. तो गाळला की समोरची व्यक्ती गोंधळते, आणि गोंधळलेला माणूस पुन्हा उपदेशच करतो. ‘वाईट वाटते’ यापेक्षा ‘रिकामे वाटते’, ‘राग येतो’, ‘भीती वाटते’ असा नेमका शब्द वापरावा. ऐकणाऱ्यालाही मग धागा सापडतो.

नवऱ्याशी बोलताना वेळ पाहावी. पाळीवरून थकून आलेला माणूस दारातच ‘झाले ते झाले’ म्हणतो, कारण त्याचेही बाळ गेलेले असते आणि त्याला रडण्याची मुभा त्याहून कमी असते. जेवण झाल्यावर तिने म्हणावे, ‘तुम्ही काही उपाय सांगू नका. मला फक्त त्या दिवसाविषयी बोलायचे आहे. तुम्हाला काय वाटले तेही सांगा.’

प्रत्येकापुढे मन उघडण्याची मात्र सक्ती नाही. गावभर गोष्ट पसरवणाऱ्या पाहुणीला ‘आत्ता बोलवत नाही’ एवढे पुरे. तेही खरेच उत्तर आहे. सासूबाईंनी दुखावून ‘आमचे बोलणे तुला टोचते का?’ असे विचारले, तर ‘आई, टोचत नाही, पण त्याने माझे रडू आत अडकते’ असे शांतपणे सांगावे. पहिल्यांदा पटेलच असे नाही.

छातीचा ठणका थंड पट्टीने आणि नीट बसणाऱ्या आधाराच्या कपड्याने कमी होतो. दूध पूर्ण पिळून काढू नये, त्याने ते अधिक येते. ताप आला किंवा छाती लाल झाली तर डॉक्टरांना दाखवावे. शोक लाटांसारखा येतो, मधे क्षणभर उसंत मिळते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ दिवसभर उदासी असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर आशाताईंना सांगून वैद्यकीय सल्ला घ्यावा. जगू नये असा विचार एकदाही आला, तर दोन आठवडे थांबू नये. तिला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते, आणि तेथे मराठीतून बोलता येते.