शुद्धलेखन तपासा, पण माणूस पुसू नका

आपल्याकडं लेख 'नीट करून द्या' म्हणून दुसऱ्याकडं देतात, तेव्हा त्या दोन शब्दांत दोन वेगळी कामं असतात. एक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा आणि विरामचिन्हं तपासणं. दुसरं म्हणजे लिहिणाऱ्याची भाषा बदलून ती 'चांगली' करणं. पहिलं काम केलंच पाहिजे. दुसरं बहुतेक वेळा करू नये. पण दोन्ही कामं एकाच लाल पेनानं एकाच बैठकीत होतात, आणि लेख परत येतो तेव्हा त्यात चुका नसतात आणि लिहिणाराही नसतो.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं किंवा इंदूर-बडोद्याला राहणाऱ्यांना हे जास्त भोवतं. घरी बोलतो ती मराठी 'आमच्याकडची', पुस्तकातली मराठी 'खरी', असं आपण मनात धरून चालतो. त्यातून ज्यांची शाळा कन्नड, हिंदी, गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमातली, त्यांनी छापील मराठी पाहिली ती बातमी, जाहीर नोटीस आणि निमंत्रणपत्रिका यांत. मग लिहायला बसलं की तेच साचे हाताला येतात.

एक नमुना घेऊ. समजा, खानापूर तालुक्यातल्या एका गावातले काका वाचनालयाबद्दल लिहितात. त्यांचा पहिला खर्डा असा आहे:

"आमच्या गावचं वाचनालय वडीलांच्या वेळचं. तेव्हा पत्र्याची एक खोली होती तिच्यातच बसायचं. संध्याकाळी शेतावरनं येऊन लोकं हातपाय धुवायची आणी सरळ वाचनालयात. पेपर एकच यायचा, तोही दुपारच्या गाडीने. मग एकानं मोठ्यानं वाचायचं आणी बाकीच्यांनी ऐकायचं. आता पेपर तीन येतात आणी ऐकायला कोणच नाही. कपाटाची किल्लि माझ्याकडं आहे. आठवड्यातनं एकदा उघडतो, पुस्तकांना वारं लागावं म्हणून."

आता हाच मजकूर कुणीतरी 'नीट' केला. तो असा परत येतो:

"आमच्या गावातील वाचनालयास प्रदीर्घ परंपरा लाभलेली आहे. पूर्वी सदर वाचनालय एका पत्र्याच्या खोलीत कार्यरत होते. सायंकाळच्या वेळी शेतकरी बांधव मोठ्या संख्येने उपस्थित राहून सामूहिक वाचनाच्या माध्यमातून वृत्तपत्राचा लाभ घेत असत. मात्र आजच्या धावपळीच्या युगात वाचनसंस्कृतीचा ऱ्हास होत असल्याचे चित्र पाहावयास मिळते. तरीही ग्रंथसंपदेची निगा राखण्याचे कार्य नियमितपणे करण्यात येते."

यात शुद्धलेखनाची एकही चूक सापडणार नाही. पण काय काय गेलं ते बघा. वडील गेले, त्यांच्या जागी 'प्रदीर्घ परंपरा' आली. दुपारची गाडी गेली. धुतलेले हातपाय गेले. एका पेपरचे तीन झाले आणि ऐकणारा उरला नाही, हा सगळ्या लेखाचा गाभा, तोसुद्धा गेला. आणि शेवटी किल्ली गेली. 'कार्य करण्यात येते', पण करतो कोण? ज्या माणसाच्या खिशात कपाटाची किल्ली आहे तोच वाक्यातून नाहीसा झाला. हा उतारा आता कुठल्याही जिल्ह्यातल्या कुठल्याही वाचनालयाच्या स्मरणिकेत छापता येईल.

हे होतं कसं? यात मुख्यतः तीन गोष्टी होतात, आणि त्या ओळखता येतात.

पहिली, क्रियापदाचं नाम करणं. 'वाचायचं' याचं 'वाचनाच्या माध्यमातून लाभ घेणे' होतं, 'उघडतो' याचं 'निगा राखण्याचे कार्य करण्यात येते' होतं. खरी क्रिया नामात अडकते आणि वाक्य 'करणे, घेणे, होणे' अशा रिकाम्या क्रियापदांवर चालतं. 'करण्यात येते' या रचनेला तिची जागा आहे. कार्यालयाच्या नोटिशीत 'अर्ज स्वीकारण्यात येतील' हे बरोबरच आहे, कारण तिथं अमुक कारकून बोलत नसतो, कार्यालय बोलत असतं. आपल्या आठवणी, तक्रारी, अनुभव सांगताना मात्र बोलणारा माणूसच महत्त्वाचा असतो. तपासायची खूण सोपी: प्रत्येक वाक्याला 'कोणी?' असं विचारा. उत्तर वाक्यात सापडलं नाही तर तिथं थांबा.

दुसरी, बारीक अव्ययं गळणं. 'पेपर एकच यायचा, तोही दुपारच्या गाडीने' यात 'च' आणि 'ही' काढा. माहिती तीच राहते, पण वाट बघणं निघून जातं. मराठीत बोलणाऱ्याचा जीव 'च, ही, तर, की, ना' यांत असतो. सुधारणाऱ्याला ती आधी खटकतात, कारण छापील भाषेत ती कमी दिसतात.

तिसरी, शब्दांचा क्रम सरळ करणं. 'आठवड्यातनं एकदा उघडतो, पुस्तकांना वारं लागावं म्हणून.' शिस्तीत बसवलं तर 'पुस्तकांना वारं लागावं म्हणून आठवड्यातून एकदा कपाट उघडतो' असं होईल. व्याकरण दोन्हीकडं ठीक आहे. पण पहिल्या वाक्यात शेवटी कानात राहतं ते पुस्तकांना लागणारं वारं, दुसऱ्यात राहतं कपाट उघडणं. मराठीत क्रियापद बहुतेक शेवटी येतं, म्हणून प्रत्येक वाक्यात ते शेवटीच ढकलायचं असं काही नाही.

मग काकांचा खर्डा होता तसाच छापायचा का? नाही. त्यात खऱ्या चुका आहेत आणि त्या दुरुस्त करायलाच हव्यात. 'वडीलांच्या' नव्हे, 'वडिलांच्या'. 'वडील'मधली दीर्घ 'डी' प्रत्यय लागला की ऱ्हस्व होते, जसं 'गरीब' पण 'गरिबाला'. 'आणि' ऱ्हस्व. 'किल्ली' दीर्घ, कारण मराठी शब्दातला शेवटचा इकार सहसा दीर्घ लिहितात. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे आणखी चार नियम, ही आपली सरकारमान्य लेखनाची चौकट. हे नियम अक्षर कसं लिहावं ते सांगतात. 'पेपर'चं 'वृत्तपत्र' करा असं त्यांत कुठं नाही.

यानंतर येतो सातत्याचा प्रश्न, आणि तो बोलीइतकाच महत्त्वाचा आहे. काका 'एकानं' लिहितात आणि एक ओळ आधी 'गाडीने' लिहितात. वाचणाऱ्याला दोन्ही रूपं चालतात, पण एकाच परिच्छेदात दोन्ही आली की हात चुकल्यासारखं दिसतं. लेखभर 'नं' असेल तर वाचणारा दोन ओळींत समजतो की हा माणूस असाच बोलतो. म्हणून आधी ठरवावं: 'माझ्याकडं' की 'माझ्याकडे', 'केलं' की 'केले'. ठरलं की शेवटपर्यंत तेच.

आणि आपल्याकडचे शब्द? 'शेतावरनं', 'आठवड्यातनं', 'कोणच' हे शब्द नाशिकच्या, नागपूरच्या वाचकालाही अडवणार नाहीत, तेव्हा राहू द्यावेत. इंदूरच्या एखाद्या ताईंनी 'येऊन राहिला होता' लिहिलं तर तेही सगळ्यांना कळतं. पण कन्नड किंवा कोंकणीतून आलेला एखादा शब्द बाहेरच्याला अजिबात लागणार नसेल, तर तो काढण्यापेक्षा पुढच्याच वाक्यात वापरातून त्याचा अर्थ उघड करावा. तसं करता आलं नाही तर मात्र बदलावा. वाचकाला कळलंच नाही, तर आवाज ठेवून काय उपयोग?

एवढं करून तयार झालेला मजकूर असा:

"आमच्या गावचं वाचनालय वडिलांच्या वेळचं. तेव्हा नुसती पत्र्याची एक खोली होती. संध्याकाळी लोक शेतावरनं यायचे, हातपाय धुवायचे आणि सरळ वाचनालय गाठायचे. पेपर एकच यायचा, तोही दुपारच्या गाडीनं. मग एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आता पेपर तीन येतात, आणि ऐकायला कोणच नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडं आहे. आठवड्यातनं एकदा उघडतो, पुस्तकांना वारं लागावं म्हणून."

बदल तसे थोडेच. तीन शब्दांचं शुद्धलेखन, एका 'ने'चा 'नं', 'लोकं'चं 'लोक'. 'तिच्यातच बसायचं' काढलं, कारण कोण बसायचं ते स्पष्ट होत नव्हतं आणि पुढच्या वाक्यात ते येतंच. संपादकाला आणखी काही हवं असेल तर ते त्यानं काकांना विचारावं: वाचनालय कुठल्या साली सुरू झालं? मोठ्यानं वाचायचं कोण? उत्तर मिळालं तर लेख वाढेल, आणि ती वाढ काकांचीच असेल. स्वतःच्या पदरचं 'आजच्या धावपळीच्या युगात' घालून ती जागा भरू नये.

बोलीचं लेखन म्हणजे कच्चं लेखन, असा समज असेल तर प्रकाश संतांची लंपनची चार पुस्तकं बघावीत. बेळगावकडच्या मुलाच्या बोलण्याची ढब 'वनवास'पासून 'झुंबर'पर्यंत टिकते, आणि तरी एकही वाक्य ढिलं पडत नाही. आवाज आणि नेटकेपणा एकाच पानावर राहू शकतात, हे आपल्याच भागातल्या मराठीनं दाखवून दिलं आहे.

म्हणून माझं सांगणं असं. लेख दोनदा तपासा, पण वेगवेगळ्या बैठकीत. पहिल्या वेळी फक्त अक्षरं बघा, शब्द बदलू नका. दुसऱ्या वेळी मोठ्यानं वाचा, शक्यतो ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे अशा घरच्या माणसासमोर. जिथं जीभ अडखळते आणि जिथं ऐकणारा 'असं कुठं बोलतोस तू?' म्हणतो, त्या दोन्ही जागांवर खूण करा. अडखळलेलं वाक्य मोडून दोन करा. 'असं कुठं बोलतोस' म्हटलेलं वाक्य खोडा, आणि त्याच माणसाला ती गोष्ट तोंडानं सांगा. जे सांगाल ते तसंच उतरवून घ्या.

अर्ज, निवेदन लिहिताना विषय, दिनांक, 'विनंती आहे की' हे सगळं राहू द्या. त्या चौकटीला अर्थ आहे. पण त्याच निवेदनात काय घडलं ते सांगणारा परिच्छेद येतो, तिथं 'मी', 'आम्ही', वार, वेळ आणि माणसं राहू द्या. 'नागरिकांची गैरसोय होत आहे' हे वाक्य वाचून कोणी मान वर करत नाही. 'सकाळी सातची गाडी तीन महिन्यांपासून आमच्या फाट्यावर थांबत नाही' असं लिहिलं, तर निदान त्याला उत्तर द्यावं लागतं.